विषय : टँक २ ची एकच तक्रार दर पाच मिनिटांनी, टँक १ ची एकदाही नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला. परत तेच उत्तर मिळाले, म्हणून आता लेखी देतो.

निपाणी तालुक्यातल्या आमच्या दूध संघाच्या दोन्ही कूलरवर तुमचा डबा बसवलेला आहे. टँक २ च्या सेन्सरची वायर उंदराने कुरतडली आणि डबा तापमान उणे १२७ दाखवू लागला. वायर तुटली की हा सेन्सर हाच आकडा देतो, हे आमच्या वायरमनलाही माहीत आहे. टँक रिकामा होता, नवा सेन्सर बेळगावहून यायचा होता. एक मेसेज आला असता तर काम भागले असते. तो दर पाच मिनिटांनी आला. म्हणजे दिवसाला २८८, आणि पाच जणांच्या मोबाइलवर मिळून १,४४०. मेसेजचा पॅक अर्थातच आमच्या पैशाचा.

'डुप्लिकेट अलर्ट रोखा' हे बटण पहिल्यापासून सुरू होते. तरी हे असे का, ते मेसेज एकाखाली एक ठेवले की दिसते :

```
TANK2 SENSOR FAIL -127.00 02:10:04
TANK2 SENSOR FAIL -127.00 02:15:04
```

तुमची यंत्रणा अख्खा मजकूर जुळवून बघते, आणि मजकुरात वेळ आहे. वेळ दर खेपेला बदलणार, म्हणजे तुमच्या हिशेबी दर खेपेला नवा बिघाड. अशाने हे बटण जन्मात एकही मेसेज रोखणार नाही. विकण्याआधी कुणी दाबून तरी बघितले होते काय?

हेच मी तुमच्या प्रतिनिधीला सांगितले. तो म्हणाला, "सर, अलर्ट आना तो अच्छी बात है ना?" मी म्हटले, एकदा येणे चांगले. तो म्हणाला, "फॉल्ट ठीक कर दीजिए, मेसेज बंद हो जाएगा." मी विचारले, सेन्सर येईपर्यंत काय करू? त्यावर थोडा वेळ गाणे ऐकवले आणि मग सल्ला दिला, "रात को फोन सायलेंट पे रखिए." रात्री जागे करणारे यंत्र विकायचे आणि वर फोन सायलेंट करायला सांगायचे! एवढ्यावर न थांबता त्याने स्वतःच आमच्या केंद्राला २४ तासांचे म्यूट लावून दिले. टँक २ ला नव्हे, सगळ्या केंद्राला.

त्याच रात्री टँक १ चा कॉम्प्रेसर ट्रिप झाला. त्यात संध्याकाळचे दूध होते. ४ अंशांवर राहायचे दूध रातभर तापत गेले. तुमच्या अॅपवर त्याचा चढता आलेख पाचपाच मिनिटांनी नीट नोंदलेला आहे, फक्त मेसेज कुणाला गेला नाही. सकाळी टँकरवाल्याने नमुना उकळून पाहिला, तो फाटला. टँक परत. मी फोन केला तर उत्तर काय, "सर, म्यूट तो आपकी रिक्वेस्ट पे था." माझ्या रिक्वेस्टवर!

आधी तुम्ही एकाच बिघाडाला शेकडो बिघाड समजलात, मग दोन वेगळ्या बिघाडांना एक समजलात. बिघाडाची ओळख तीन गोष्टींवर ठरवा : केंद्र, टँक आणि बिघाडाचा प्रकार. वेळ आणि आकडा मेसेजात खुशाल छापा, ओळखीत घेऊ नका. त्या ओळखीची नोंद आधीच उघडी असेल तर पुढच्या तपासणीने तिच्यात फक्त शेवटची वेळ बदलावी, मेसेज पाठवू नये. मेसेज बिघाड सुरू होताना जावा आणि मिटल्यावर जावा. मध्ये कुणीच 'पाहिले' असे दाबले नाही, तर काही तासांनी एक आठवण. सलग तीन तपासण्या ठीक आल्याशिवाय बिघाड मिटला म्हणू नका, नाहीतर ढिली वायर रातभर सुरू-बंद, सुरू-बंद करत तोच छळ मांडेल. आणि ही नोंद लाइट गेली तरी टिकली पाहिजे. इकडे लाइट जाते. परत आली की डबा सगळे विसरून टँक २ ची बोंब नव्याने मारतो, हेही बघून झाले.

हे ग्राहकाने तुम्हाला शिकवायचे, याचीच लाज वाटते. पुन्हा सांगतो, बटण सुरू होते.

फाटलेल्या दुधाची आणि वाया गेलेल्या मेसेजची भरपाई, तसेच सुधारणेची तारीख पंधरा दिवसांत लेखी कळवा. 'तिकीट नंबर' पाठवू नका, ते भरपूर जमलेत. नाहीतर आलेख आणि मेसेजच्या प्रतींसह बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. तुमचा माणूस परवा चिकोडीच्या एका संघात डबे दाखवायला गेला होता. त्या संघाचे चेअरमन माझे व्याही लागतात, आणि त्यांनी सही करण्याआधी मला फोन केला होता.

सचिव, दूध उत्पादक सहकारी संघ