मुदतीआधी रोखे विकताना व्याज बुडते का?

मा. संपादक,

आपल्या अर्थ-पुरवणीत सरकारी बचत रोख्यांतील मुद्दल सुरक्षित असते, असे म्हटले आहे. ते खरे आहे, पण मुदत संपेपर्यंत रोखे जवळ ठेवणाऱ्यापुरतेच. मध्येच पैशांची गरज लागली तर हाती काय येते, हे त्यात आलेले नाही. बँकेच्या रोखे विभागात काम करताना मात्र ग्राहक सर्वाधिक घोटाळ्यात पडतात ते इथेच.

आधी हे पाहावे की रोखे विकता येतात की नाही. काही बचत रोखे बाजारात विकता येत नाहीत, ते फक्त सरकारला परत करता येतात. अमेरिकेतील बचत रोखे पहिले वर्षभर मोडता येत नाहीत आणि पाच वर्षांच्या आत मोडल्यास शेवटच्या तीन महिन्यांचे व्याज कापले जाते. बँकेच्या खात्यातून घेतलेले, पण बाजारात विकता येणारे रोखे ही वेगळी गोष्ट आहे. त्यांचे व्याज ठरलेल्या तारखांना, बहुधा सहामाही, जोडलेल्या बचत खात्यात जमा होते. त्यामुळे हप्त्याच्या दोन महिने आधी विकले तर मधल्या चार महिन्यांचे व्याज बुडाले, असे अनेकांना वाटते.

ते बुडत नाही, खरेदीदार ते विक्रेत्याला देतो. समजा, १,००,००० दर्शनी मूल्याच्या रोख्यांवर वार्षिक ६ टक्के, म्हणजे सहामाही ३,००० व्याज आहे आणि मागच्या हप्त्याला चार महिने झाले आहेत. साचलेले व्याज झाले २,०००. पुढचा ३,००० चा हप्ता पूर्ण नव्या धारकाच्या खात्यात जाईल, पण त्यातले २,००० त्याने आधीच मोजलेले असतात. बँकेच्या व्यवहार-पावतीवर किंमत आणि साचलेले व्याज वेगवेगळ्या ओळींत असते; ती दुसरी ओळ दिसली नाही तर लगेच विचारावे.

खरे नुकसान होते ते किमतीत. वरील रोख्यांची दोन वर्षे आठ महिने मुदत उरली असताना तशाच नव्या रोख्यांवर ७ टक्के मिळू लागले, तर जुन्यांची किंमत सुमारे ९७,६०० वर येते, कारण कमी व्याजाची भरपाई खरेदीदार किमतीतूनच करून घेतो. दर उतरले असते तर हीच किंमत दर्शनी मूल्याच्या वर गेली असती. म्हणजे दर चढलेले असताना ९७,६०० किंमत आणि २,००० साचलेले व्याज मिळून हाती साधारण ९९,६०० येतील आणि त्यातून बँकेचे शुल्क वजा होईल. शिवाय बँक स्वतःच खरेदीदार असेल, तर ती बाजारभावापेक्षा थोडी कमी किंमत देते, आणि हा फरक शुल्काच्या तक्त्यात कुठेही दिसत नाही.

म्हणूनच माझी विनंती आहे की पुरवणीत रोख्यांच्या व्याजदरांचा तक्ता छापताना त्याच दिवशीचा बँकेचा विक्रीदर आणि परतखरेदीचा दरही शेजारी द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक