स्थळं मोजण्याआधी ती तपासायला लावा

मा. अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

वधू-वर सूचक केंद्रांविरुद्धच्या तक्रारींवर आम्ही काम करतो. यातली खरी मेख पावतीवरच्या एका ओळीत असते: 'सहा महिन्यांत १५ स्थळे पाठविली जातील. फी परत मिळणार नाही.'

स्थळ म्हणजे काय, हे त्या पावतीत कुठेच नसतं. समजा, मुलीच्या वडिलांनी १२,००० रुपये भरले. १५ बायोडाटे व्हॉट्सॲपवर आले. त्यांतले चार नंबर बंद, तिघांची लग्नं झालेली, पाच जण सांगितलेल्या वयात किंवा शिक्षणात न बसणारे, एक दोनदा पाठवलेला. बोलण्याजोगी उरली दोन, म्हणजे एक स्थळ ६,००० रुपयांना. केंद्राच्या हिशेबी मात्र पंधरा पूर्ण. आणि फी भरण्याआधी 'समोरून विचारणा आहे' म्हणून ज्याचा फोटो दाखवला होता, तो मुलगा या पंधरांत नसतोच.

बायोडाटे येतात कुठून? बरेचदा समाजाच्या मेळाव्यांच्या जुन्या सूची-पुस्तिकांतून आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरून. छापील पानाचा फोटो, कोपऱ्यात कापलेला अनुक्रमांक, जन्मसाल एक आणि लिहिलेलं वय दोन वर्षांनी कमी, हे दिसलं की समजावं. केंद्रातून फोन करणाऱ्या मुलींना कमिशन नोंदणीवर मिळतं, पुढच्या कामावर नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

ग्राहक आयोगात जाता येतं. दोन वर्षांची मुदत असते, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण केंद्र पंधरा मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवतं, आणि 'स्थळ खोटं होतं' हे सिद्ध करायचं ओझं बापावर येतं. नंबर बंद होता हे तो सहा महिन्यांनी कसं दाखवणार? शिवाय आश्वासनं फोनवर दिलेली, पैसे कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर गेलेले.

आपल्या राज्यात १९९८ चा विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम आहे. विवाह नोंदणीसाठी तो सगळ्यांना ठाऊक असतो, पण नावात पहिल्यांदा मंडळंच येतात. संबंधित विभागाशी बोलून त्याखालच्या नियमांत एवढंच घालून घ्या: उमेदवाराने गेल्या ६० दिवसांत 'स्थळ पाहतो आहे' असं लेखी किंवा मेसेजने कळवलं असेल, नंबर लागत असेल आणि फॉर्मवरच्या अपेक्षांत तो बसत असेल, तरच ते एक स्थळ. प्रत्येक स्थळाची तारखेसह नोंद केंद्राने ठेवावी, आणि जितकी स्थळं कमी पडतील तितक्या प्रमाणात फी परत करावी.

तोवर दुसरी वाट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम १६ नुसार जिल्हाधिकारी अशा प्रकारांची चौकशी करून अहवाल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे पाठवू शकतात. एकाच केंद्राच्या दहा-बारा पावत्या समोर ठेवल्या, तर तोच साचा लगेच ओळखू येईल. जिल्हाधिकाऱ्यांना तसं पत्र आपल्याकडून जावं, ही विनंती.

आपले,
ग्राहक तक्रारींचं काम करणारे कार्यकर्ते