४३ फुटांची रेषा आणि 'पूर' हा शब्द

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका वाचकांचं पत्र आलं होतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४२ फूट ११ इंच असलं काय आणि ४३ फूट असलं काय, एका इंचानं काही बिघडत नाही. म्हणून ४३ फुटांची धोका पातळी निरर्थक आहे, असं त्यांचं म्हणणं. एका इंचाबद्दल ते बोलले ते बरोबर आहे. पण त्या 'म्हणून'वर मी थबकले. मी तीसेक वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं आणि माझं माहेर पंचगंगेकाठच्या आंबेवाडीचं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी हा विषय माझ्या घरचा आहे.

त्यांचाच युक्तिवाद थोडा पुढे नेऊन बघू. पंचगंगेचं पाणी २५ फुटांवर असताना कुणी पूर म्हणत नाही. एक इंच वाढलं म्हणून जो पूर नव्हता तो पूर होत नाही, हेही सगळ्यांना पटतं. मग २५ फूट १ इंच हाही पूर नाही, २ इंच हाही नाही. अशा ३६० पायऱ्या चढलो की आपण ५५ फुटांवर पोचतो आणि तिथेही 'पूर नाही' असंच म्हणावं लागतं. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत ज्यांनी छतावर बसून होडीची वाट पाहिली, त्यांना हे कोण सांगणार? यालाच राशीचा विरोधाभास म्हणतात. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या मिलेटसच्या युबुलिडीस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर तो मोडतो. त्यात धान्याची रास होती, आपल्याकडे पाण्याचे इंच आहेत. सुरुवात खरी, प्रत्येक पायरी खरी वाटते आणि शेवट उघड खोटा. मग चुकलं कुठे?

याची दोन उत्तरं मला वर्गात सर्वांत जास्त वेळ घेऊन शिकवावी लागत.

पहिलं सुपरव्हॅल्युएशनिझमचं, तत्त्वज्ञ किट फाइन यांनी १९७५ साली ते नीट मांडलं. 'पूर' या शब्दाची रेषा कुठे मारायची हे आपल्या बोलण्याने पक्कं ठरवलेलंच नाही. कुणी ३९ फुटांवर मारली तरी भाषेचा अपमान होत नाही, कुणी ४२ वर मारली तरी नाही. २५ वर किंवा ५५ वर मारली तर मात्र त्याला मराठी येत नाही असंच आपण म्हणू. आता चालण्यासारख्या सगळ्या रेषा एकेक करून मारून बघा. जे वाक्य प्रत्येक रेषेवर खरं ठरतं ते खरं, प्रत्येक रेषेवर खोटं ठरतं ते खोटं, आणि काही रेषांवर खरं, काहींवर खोटं ठरतं ते धड खरंही नाही, खोटंही नाही. '४१ फूट म्हणजे पूर' हे या तिसऱ्या जातीचं. पण '४१ फूट हा पूर असेल तर ४२ फूट हाही पूर' हे प्रत्येक रेषेवर खरं. '४१ फूट हा पूर आहे किंवा नाही' हेही.

आता त्या ३६० पायऱ्या घ्या. रेषा कुठेही मारा, एक पायरी तुटतेच: ३९ वर मारली तर ३८ फूट ११ इंचांनंतरची, ४२ वर मारली तर ४१ फूट ११ इंचांनंतरची. म्हणजे 'एका इंचाने कधीच पूर होत नाही' हे सरसकट वाक्य प्रत्येक रेषेवर खोटं. पण 'हीच ती पायरी' असं बोट ठेवावं, तर प्रत्येक रेषेला वेगळी पायरी. कुठली तरी एक तुटते हे खरं, पण अमुकच तुटते हे कुठल्याही पायरीबद्दल खरं नाही. विद्यार्थी इथे भांडायचे आणि त्यांचं भांडण रास्त होतं.

दुसरं उत्तर एपिस्टेमिसिझमचं, टिमथी विल्यमसन यांनी १९९४ साली हिरिरीने मांडलेलं. त्यांच्या मते रेषा आहे, एकच आहे, अगदी इंचापर्यंत पक्की आहे. फक्त ती आपल्याला कळू शकत नाही. ऐकायला हे विचित्र वाटतं, पण कारण पाहा. शब्दाचा अर्थ आपण सगळे तो कसा वापरतो त्यावर ठरतो, आणि तो वापर सतत थोडाथोडा हलत असतो. समजा, रेषा आज ४१ फूट २ इंचांवर आहे आणि तेवढं पाणी बघून मी 'पूर आला' म्हटलं. मी बरोबर ठरले. पण चार गावांतली माणसं जरा वेगळं बोलत असती तर रेषा ४१ फूट ४ इंचांवर गेली असती, मला त्याचा पत्ता लागला नसता, मी तेच म्हटलं असतं आणि चुकले असते. असं नशिबाने बरोबर येणं म्हणजे जाणणं नव्हे. जाणण्यासाठी रेषेपासून थोडं अंतर लागतं, आणि रेषेला चिकटून उभं राहिलं की ते अंतर उरत नाही. अंधारात हौदाच्या काठाजवळ जाणाऱ्याला काठ कुठे ते पाय पडल्यावरच कळतं, तरी काठ असतोच.

माझा कौल कुठे पडतो ते सांगते. एका पावसाळ्यात मी माहेरी होते. बंधाऱ्यावर ४१ फूट ६ इंच पातळी फोनवर आलेली, पाणी गोठ्याच्या जोत्याखाली दोन विटांवर. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, पूर आलाय, म्हशी हलवूया." थोरला म्हणाला, "पूर कुठला रं, पाणी वाढलंय नुसतं." दोघांनी तेच पाणी पाहिलं होतं, तोच आकडा ऐकला होता. दोघांना मराठी सारखंच येतं. यांतल्या एकाला एक गोष्ट माहीत नव्हती, आणि ती कधी कुणालाच कळणार नव्हती, हे मानायला माझं मन धजत नाही. आपल्या बोलण्यात इंच नेमण्याएवढं बळच नाही असं मला वाटतं, म्हणून मी फाइन यांच्या बाजूची.

पण त्या बाजूचं एक दुखणं मी लपवणार नाही. चालण्यासारख्या रेषा कुठून सुरू होतात? ३५ फुटांवरची चालेल? ३४ फूट ११ इंचांवरची? म्हणजे तोच पायऱ्यांचा खेळ एक मजला वर पुन्हा सुरू. 'चालण्यासारखी' हा शब्दही धूसर आहे, असं फाइन यांच्या बाजूने सांगता येतं. ते खरं आहे, पण एवढ्यावर माझं समाधान कधी झालं नाही. विल्यमसन यांना मूळ प्रश्नाचं उत्तर असं वर ढकलावं लागत नाही; तर्कशास्त्राचे जुने नियमही ते जसेच्या तसे राखतात.

आता ४३ फूट. इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३, या नेमलेल्या रेषा आहेत. 'पूर' शब्दाची रेषा इथे सापडली, असा दावा त्यात कुणी केलेला नाही. चालण्यासारख्या जागेतली एक जागा कामासाठी निवडली आहे, एवढंच. शेजारच्या इंचात आणि तिच्यात फरक नाही म्हणून ती निरर्थक ठरवली, तर त्याच तर्काने ४४ची, ४८ची, ५५ची रेषाही निरर्थक ठरते, आणि धोक्याला कुठलीच पातळी उरत नाही. पत्रलेखकांना तसं नक्कीच म्हणायचं नसेल.

त्या दिवशी थोरल्याने शेवटपर्यंत पूर म्हटलं नाही. म्हशी मात्र दोघांनी मिळून अंधार पडायच्या आत सोडल्या. दर वर्षी पाणी जोत्याखाली दोन विटांवर आलं की सोडायच्या, हे आमच्या वडिलांनी घालून दिलेलं होतं.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर