मस्कतहून आलेला धैवत

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

माझी गाण्यांवरची जुनी भाषणं मस्कतला बघतात, हे तुला ठाऊक होतं का? असेल तर बोलला का नाहीस? वाचनालयातल्या पोरांनी ती यूट्यूबवर टाकल्याचं कानावर होतं. पण जन्मभर जावक नोंदवही लिहिलेल्या माणसाला पाठवलेला कागद पुढे कोण वाचतं ते कुठे कळतं!

परवा भर पावसात मस्कतहून रजेवर आलेला एक मुलगा पडवीत छत्री झटकत उभा. तिकडे शुक्रवारी सुट्टी, तेव्हा खोलीतले सगळे मिळून बघतात म्हणे. एकाकडे छोटी पेटी आहे आणि तिच्यावरूनच वाद पेटलाय. "काकानू, सूर पाचय तेच, मगे राग येगळो कसो?"

प्रश्न खरा आहे. गीतरामायणातलं 1955 चं पहिलं गाणं, 'स्वये श्री रामप्रभू ऐकती', भूपात आहे. आणि 1961 च्या 'भाभी की चूडियाँ'मधलं 'ज्योति कलश छलके' मी देशकाराकडे झुकणारं म्हणतो. दोन्ही चाली सुधीर फडक्यांच्या. दोन्ही रागांत सा रे ग प ध. मध्यम, निषाद नाहीत. पुष्कळ जाणकार दुसऱ्यालाही भूपच म्हणतात, म्हणोत.

पेटी काढली. काळी एकला सा धरला तर धैवत काळी पाचवर येतो आणि नेमका तोच सूर पावसाळी हवेनं चिकटलेला. म्हणून पांढरी दोनला सा घेतला आणि वाजवून दाखवलं: ग रे सा, सा रे ग, प ग, ध प ग रे सा. गाणं गांधारावर येऊन टेकतं, धैवताला नुसतं शिवून परततं. हा भूप, संध्याकाळचा. मग ग प ध ध प, ग प ध प. आता मुक्काम धैवतावर, उतरायचं पंचमावर, रिषभ जाता जाता. हा देशकार, सकाळचा.

त्याला म्हटलं, गाणं गुणगुण आणि मध्येच थांब. जीव कुठल्या सुरावर थांबू बघतो ते पाहा. भूपात गांधारावर थांबलास तर घरी आल्यासारखं वाटेल, देशकारात तिथेच अडखळशील. त्याने करून पाहिलं, दुसऱ्या खेपेला ओळखलं. पेटीवर मात्र हा फरक अर्धाच कळतो. धैवतावरून पंचमावर घसरत येणारी मींड पट्ट्यांवर निघत नाही, ती गळ्यातूनच. भाषणात मी गाऊन दाखवलं होतं, पण तेव्हा माईकच बंद होता. मस्कतवाल्यांचं भांडण तिथूनच सुरू झालं.

आता त्याची रजा संपायच्या आत तेवढाच भाग पुन्हा करायचा ठरलाय. तुझी आई म्हणते, निदान इस्त्रीचा सदरा घाला. तू गणपतीला येशील तेव्हा तुझा तो चांगला माईक आण, आणि पुण्यात पेटी दुरुस्त करणाऱ्याला विचार, काळी पाचचा एकच सूर बदलून मिळतो का.

तुझे
बाबा