मांडवीचा पूल आणि माझं शुद्धलेखन

बेती, गोवा

प्रिय नंदू,

तुझा लेख मिळाला. एवढा तपासूनही चुका राहतातच कशा, असं तू विचारलंस. माझीच फजिती सांगतो.

गावच्या जत्रेच्या स्मरणिकेसाठी मी मांडवीवरचा पूल कोसळला त्या १९८६ च्या पावसाळ्याबद्दल लिहिलं होतं. मनातल्या मनात चार वेळा वाचलं, एकही चूक दिसली नाही. दिसणार कशी? काय लिहायचं होतं ते डोक्यात पक्कं बसलेलं, डोळा तेच वाचत सुटतो. मग एक रात्र मध्ये जाऊ दिली, लेख छापून घेतला आणि शब्दांखालून पेन्सिल सरकवत आईला मोठ्याने वाचून दाखवला. "लोकांनी फेरीबोटीच्या रांगेत तासन् तास उभे राहिले," इथे जीभ अडखळली. आधी मी "लोकांनी वाट पाहिली" लिहिलं होतं. नंतर क्रियापद बदललं, पण 'लोकांनी' तसंच राहिलं! तिथे नुसतं 'लोक' हवं. बहुतेक चुका अशा दुरुस्ती करतानाच होतात, म्हणून बदललेली वाक्यं हमखास परत वाच. मात्र वाचताना अडलं तिथे फक्त खूण कर. लगेच सुधारायला बसलास, तर पुढची दोन-तीन वाक्यं कानावरून नुसतीच जातात.

पण कानाचीही हद्द आहे. 'पुल' लिहिलेलं असो की 'पूल', आई सारखीच मान डोलावणार. म्हणून ऱ्हस्व-दीर्घाची फेरी वेगळी, आणि त्या फेरीत अर्थाकडे बघायचंच नाही. मी फक्त इकार-उकार असलेले शब्द धरले. 'पुल' तीन ठिकाणी सापडला, तो 'पूल' केला. 'पूलावरून' होतं, ते 'पुलावरून' झालं, कारण मराठी शब्दाचं सामान्यरूप होताना असा दीर्घ उकार ऱ्हस्व होतो. या जोशात मी 'समूहाने'चंही 'समुहाने' करून ठेवलं. तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, त्याचा 'मू' दीर्घच राहतो. शंका आली की कोश उघडायचा, अंदाज नको.

शेवटची फेरी फक्त आकड्यांची आणि नावांची. ती मी शेवटच्या वाक्यापासून उलटी केली, म्हणजे गोष्टीत गुंतायला होत नाही. तिथे एका जागी '१९६८' निघालं, मी ते मोठ्याने वाचतानाही बिनदिक्कत 'शहाऐंशी' म्हणून गेलो होतो.

तुझ्या लेखात मी एकही दुरुस्ती केलेली नाही, दुसऱ्या पानावर फक्त एक खूण आहे. ते वाक्य वहिनींना वाचून दाखव, श्वास कुठे तुटतो ते त्याच सांगतील. रविवारी येतोस ना? आईने खतखतं करायचं ठरवलंय.

तुझा,
विठ्ठल