परदेशातल्या क्लेमच्या पत्रात पैसे ‘कापले’ म्हणजे नेमकं काय

मा. संपादक,

स.न.वि.वि. मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, त्यांच्या मुलाला अमेरिकेत घराच्या इन्शुरन्सचे निम्मेच पैसे मिळाले आणि तिकडच्या कंपन्या पण लुबाडतात असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांचा राग समजतो, कारण अगदी असंच पत्र माझ्या भाच्याला आलं होतं आणि पाचोऱ्याला माझी ताई दोन दिवस नीट जेवली नव्हती. मी जळगाव, धुळे भागात तीस वर्षं इन्शुरन्सचा सर्व्हेयर म्हणून जिनिंगच्या आगी आणि गाड्यांचे अपघात बघितलेत, म्हणून त्या पत्रातले तीन शब्द काय असतात ते लिहितो.

भाचा टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. हिवाळ्यात तिकडं पाइपातलं पाणी गोठतं आणि पाइप फुटतो, तसा फुटला आणि हॉलभर पाणी झालं. लाकडी फरशी फुगली, सोफा भिजला, जेवणाचं टेबल खालून उकललं. कंपनीचा माणूस आला, त्याला तिकडं ॲडजस्टर म्हणतात, आणि पंधरा दिवसांनी पत्र आलं. नवीन घ्यायला खर्च 11,000 डॉलर (फरशी 8,000, सोफा 2,000, टेबल 1,000) असं त्यांनीच लिहिलेलं आणि खाली चेक फक्त 4,500 चा. भाच्यानं व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, मामा बघा ना हे काय आहे.

पहिलं डेप्रिसिएशन, म्हणजे आपला घसारा. फरशी 10 वर्षं जुनी होती, तिचं आयुष्य त्यांनी 25 वर्षं धरलं, म्हणजे 40 टक्के वापरून झाली, म्हणून 8,000 मधले 3,200 गेले. सोफा 4 वर्षांचा, आयुष्य 10 वर्षं, त्याचे 800 गेले. टेबल 5 वर्षांचं, आयुष्य 20 वर्षं, त्याचे 250. एकूण 4,250. उरले 6,750, याला पत्रात ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू लिहितात, म्हणजे त्या दिवशी त्या जुन्या वस्तूची जी किंमत होती ती. इथं आपल्याकडं मोटरसायकलचा क्लेम केला तर प्लास्टिकच्या पार्टला 50 टक्के घसारा लागतो आणि साध्या पॉलिसीत ते पैसे कायमचे जातात. म्हणून ताईला वाटलं हे पण गेले.

पण तिकडच्या पत्रात डेप्रिसिएशनच्या आधी एक शब्द असतो, तो आधी शोधायचा. रिकव्हरेबल लिहिलं असेल तर ते पैसे गेलेले नाहीत, थांबवलेले आहेत. तुम्ही खरंच नवीन वस्तू घेतली, बिल पाठवलं, की ते मिळतात. नॉन-रिकव्हरेबल लिहिलं असेल तर मात्र गेले. भाच्याचे रिकव्हरेबल होते. त्याच्या पॉलिसीत नुकसान झाल्यापासून 180 दिवसांच्या आत कळवायचं अशी अट होती, मुदत पॉलिसीप्रमाणे वेगळी असते म्हणून पॉलिसी काढून वाचायची. कितीतरी लोक पहिला चेक आला की विषय संपला समजतात आणि बाकीचे पैसे मागतच नाहीत, मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं.

आणि मिळतात ते पण खर्च केला तेवढ्यापुरतेच. भाच्यानं सोफा 2,000 चा न घेता 1,600 चा घेतला, आधी त्याला 1,200 धरलेले होते, म्हणून 800 ऐवजी 400 च मिळणार. टेबल नवीन घेतलंच नाही, म्हणून ते 250 मिळणार नाहीत. फरशी पूर्ण नवीन बसवली, तिचे 3,200 बिलाप्रमाणे पूर्ण.

दुसरं डिडक्टिबल. आपल्या गाडीच्या पॉलिसीत कंपल्सरी एक्सेस असतो तेच हे, फक्त रक्कम मोठी. पहिले इतके डॉलर तुमचे, पुढचं आमचं. भाच्याचे 2,000 होते आणि हे पॉलिसी घेताना त्यानंच ठरवलेलं, डिडक्टिबल जास्त ठेवलं की प्रीमियम कमी बसतो. हे परत कधी मिळत नाही, पण एका क्लेममध्ये एकदाच कापायचं असतं, म्हणून दुसरा हप्ता येईल तेव्हा परत कापलंय का ते बघायचं. आणखी एक, गारपीट वादळासाठी टेक्सासमध्ये बऱ्याच पॉलिसीत वेगळं डिडक्टिबल असतं, ते घराच्या विम्याच्या टक्क्यात असतं. 3 लाख डॉलरचं घर आणि 2 टक्के, तर 6,000 तुमच्या खिशातून, आणि नुकसान 5,000 चं असेल तर कंपनी काहीच देणार नाही आणि त्यात फसवणूक पण नाही. तिकडं काही काँट्रॅक्टर म्हणतात डिडक्टिबल आम्ही सोडून देतो, तुम्ही भरू नका, ते टेक्सासमध्ये बेकायदेशीर आहे, 2019 पासून कंपनी डिडक्टिबल भरल्याचा पुरावा मागू शकते आणि तो नसेल तर थांबवलेले पैसे अडकतात.

तिसरं साल्व्हेज, आणि चूक इथंच होती. जिनिंगला आग लागली की जळक्या, भिजलेल्या कापसाला पण भाव असतो, आम्ही व्यापाऱ्यांकडून ऑफर मागवायचो आणि माल मालकानं ठेवला तर तेवढी रक्कम क्लेममधून वजा करायचो. हिशोब सरळ आहे, कंपनीनं वस्तूचे पैसे दिले की मोडकी वस्तू कंपनीची, तुम्ही ठेवून घेतली तर तिची मोडीची किंमत तुमच्याकडून. भाच्याच्या पत्रात साल्व्हेज 250 होतं, टेबलाचे 150 आणि सोफ्याचे 100. 6,750 मधून 250 आणि 2,000 गेले की 4,500, बेरीज बरोबर. पण मी भाच्याला विचारलं, बाळा सोफा कुठं आहे, तर म्हणे मामा तो तर कंपनीची माणसं गाडीत घालून घेऊन गेली. मग सोफ्याचं साल्व्हेज कापायचं कारणच नाही. टेबल त्यानं गॅरेजमध्ये ठेवलंय, सुतारकाम करून वापरणार आहे, त्याचे 150 बरोबर. त्यानं सोफा नेल्याच्या पावतीचा फोटो जोडून चार ओळींचा ईमेल केला आणि आठवड्याभरात 100 डॉलर आले. रक्कम लहान आहे पण हीच चूक गाडीच्या टोटल लॉसमध्ये, म्हणजे गाडी दुरुस्तीपलीकडं गेली तेव्हा झाली तर हजारोंची होते. आणि उलट पण होतं, काही जण ॲडजस्टर यायच्या आधीच भिजलेलं सामान कचऱ्यात टाकतात, मग कंपनी विचारते वस्तू दाखवा, म्हणून निदान फोटो तरी काढून ठेवायचे आणि टाकायच्या आधी लेखी विचारायचं.

आता भाच्याचा हिशोब असा आहे की 4,600 मिळाले, फरशीचे 3,200 आणि सोफ्याचे 400 बिलं गेल्यावर येतील, एकूण 8,200. पत्र लिहिणाऱ्या त्या वाचकांनी मुलाला एवढंच विचारावं की डेप्रिसिएशनच्या ओळीत रिकव्हरेबल आहे का आणि तारीख किती उरली आहे. भाच्याची बिलं परवा गेली, मुदतीला अजून 41 दिवस होते.

आपला,
एक निवृत्त सर्व्हेयर, भुसावळ