ऊसवाल्यांची बाजू आधी नीट मांड

पुणे, रविवार

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण वाचलं. मराठवाड्यातल्या पाणीटंचाईचा आणि उसाचा संबंध तू चांगला पकडलायस. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तिथून केलेली सुरुवातही नेमकी आहे. पण चौदाव्या पानावर अडखळलो. तिथे तू लिहितोस, ‘ऊस उत्पादक शेतकऱ्यांना पाण्याची किंमत कळत नाही, जादा पैशाच्या मोहाने ते हे पीक घेतात.’ आणि ऊसवाल्यांची बाजू एवढीच आहे असं धरून पुढची सहा पानं ती खोडण्यात घालवतोस. ही बाजू अशी मांडतं कोण? त्या परिच्छेदात एकही संदर्भ नाही, एकाही शेतकऱ्याची मुलाखत नाही. ज्याला ‘स्ट्रॉ मॅन’ म्हणतात तो हाच प्रकार: स्वतःच बुजगावणं उभं करायचं आणि स्वतःच ते पाडायचं.

आता तीच बाजू ताकदीने मांडून पाहू. ऊसवाला शेतकरी काय म्हणेल? तूर किंवा सोयाबीन काढणीला आलं की भाव पडतो, सरकारी खरेदी वेळेवर सुरू होईलच असं नाही. उसाला मात्र एफआरपी आहे, म्हणजे दर आधीच ठरलेला. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत पैसे द्यायचं बंधन कारखान्यावर आहे. तोडणीची टोळी आणि वाहतूक बहुतेक ठिकाणी कारखानाच बघतो. अवकाळी पाऊस-गारपिटीत हरभरा झोपतो, ऊस बहुधा तग धरतो. एकदा लागण केली की पुढच्या वर्षी त्याच बुडख्यांतून खोडवा मिळतो. शिवाय तो तुझ्या तक्त्यावरच बोट ठेवेल: बारा ते अठरा महिने शेतात उभ्या असलेल्या पिकाची तुलना चार महिन्यांच्या ज्वारीशी कशी करतोस? तेवढ्या काळात त्याच रानात दोन-तीन पिकं निघतील, त्यांच्या पाण्याची बेरीज धर.

याला स्टीलमॅन म्हणतात. हे लिहून झाल्यावर तुझं मूळ विधान टिकतं का बघ. ‘शेतकऱ्याला कळत नाही’ हे तर पडलंच. तक्ताही वर्षाच्या हिशेबाने पुन्हा करावा लागेल, आणि त्यात उसाच्या आणि इतर पिकांच्या पाण्यातली तफावत आज दाखवलीयस त्यापेक्षा कमी दिसेल. ते दिसू दे.

पण दोन गोष्टी उभ्या राहतात, आणि त्या आधीपेक्षा पक्क्या आहेत. पहिली म्हणजे पाणी कधी लागतं ही. रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चपर्यंत रानातून निघालेली असते. ऊस एप्रिल-मेमध्ये, विहिरी तळाला गेलेल्या असताना पाणी मागतो. वार्षिक बेरजेत हे लपतं, म्हणून महिन्यावार तक्ता कर. दुसरी, बोअर एकाच्या शेतात असतं, पण खालचं पाणी शेजाऱ्याचंही असतं. वर मांडलेलं प्रत्येक कारण त्या एका शेतकऱ्यापुरतं खरं आहे, आणि शेजाऱ्याच्या आटलेल्या विहिरीचा खर्च त्यातल्या कुठल्याच हिशेबात येत नाही. तुझा खरा सिद्धान्त इथे आहे: एकेकट्याचा निर्णय शहाणपणाचा आहे, तरी गावाचं पाणी संपतं.

यातून तुझ्या शिफारशी बदलतात, म्हणून मी एवढा आग्रह धरतोय. शेतकरी अडाणी मानला की उपाय निघतो प्रबोधनाचा, नाहीतर बंदीचा. तो भावाची जोखीम टाळतोय असं मानलं की प्रश्न होतो, दुसऱ्या कुठल्या पिकाला खात्रीची खरेदी मिळाली तर तो ऊस सोडेल का? हे तपासता येतं. तुझ्या निवडलेल्या गावांत कारखान्याच्या जवळची आणि लांबची गावं वेगळी काढ. लांबच्या गावातही विहिरीला पाणी असेल तिथे लोक उसाकडेच वळलेले दिसले, तर जोखमीचं स्पष्टीकरण अपुरं आहे आणि तुला दुसरं कारण शोधावं लागेल.

एक सावधगिरी. विरोधी बाजू बळकट करताना त्यांनी न मांडलेला मुद्दा त्यांच्या नावावर घालू नकोस. जे त्यांच्या मुलाखतीत किंवा लेखनात आहे त्याला संदर्भ दे. जे तू भर घातलंस तिथे ‘या बाजूने असंही म्हणता येईल’ असं स्वच्छ लिही. नाहीतर तोही विपर्यासच, फक्त उलट्या दिशेचा. एफआरपीची थकबाकी राहते, हा त्यांच्या बाजूचा कच्चा दुवा आहे; तो खंडनात घे, मांडणीत आधीच घुसडू नकोस.

नवा मसुदा झाला की सरांकडे देण्याआधी तेवढी दोन पानं तुझ्या मामांना वाचायला दे. त्यांचा ऊस आहे आणि ते तोंडावर बोलतात. ‘हो, आमचं म्हणणं हेच आहे’ असं ते म्हणाले की पुढचं खंडन लिहायला घे. ‘यात एक राहिलं’ म्हणाले, तर ते राहिलेलं मलाही कळव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अभय